तेरा अंशांवरची आढी

आंब्याची आढी लावताना आपण तीन गोष्टी करतो. कच्ची फळं एकमेकांना खेटून ठेवतो, वरखाली गवत घालून ऊब टिकवतो आणि खोलीचं दार लावून घेतो. बाकीचं काम फळं स्वतः करतात. प्रत्येक फळ इथिलीन नावाचा वायू थोडाथोडा सोडत असतं. दार बंद असल्यामुळे तो आत साठतो आणि शेजारच्या फळाला ‘आता पिक’ असं सांगतो. ते फळ पिकायला लागलं की आणखी इथिलीन सोडतं.

आता हीच खोली चाळीस फूट लांब, लोखंडी आणि हवाबंद आहे असं समजा. आत गवताऐवजी पुठ्ठ्याच्या पेट्यांत २० टन हिरवी केळी आहेत. ही खोली जहाजावर सव्वीस दिवस समुद्रात असणार आहे, आणि एकही केळं पिकता कामा नये. याला रीफर कंटेनर म्हणतात. बाहेरून तो एक मोठा फ्रिज दिसतो, पण जरा दुर्लक्ष झालं तर तो आढी होतो. मला हे कळलं ते एका लॉग फाइलमुळे.

मी पुण्यात एका कंपनीत बॅकएंडचं काम करते. सर्व्हर रात्री तीन वाजता का बसला हे लॉग वाचून शोधणं हा माझ्या नोकरीचा बराचसा भाग आहे. माझा आतेभाऊ करमाळा तालुक्यात कंदरजवळ एक छोटं पॅकहाऊस चालवतो. त्या पट्ट्यात उजनीच्या पाण्यावर केळी होते आणि तिथला माल न्हावा-शेवा बंदरातून आखाती देशांत जातो, हे आता नवीन राहिलेलं नाही. त्या हिवाळ्यात दादाने दोन भागीदारांसोबत पहिल्यांदा लांबचा कंटेनर लावला होता, काळ्या समुद्रावरच्या एका बंदरासाठी. दार उघडलं तेव्हा अर्ध्याहून जास्त पेट्यांतल्या केळ्यांवर रंग उतरलेला होता. घेणाऱ्याने भाव पाडला. जहाज कंपनीने एक फाइल पाठवली आणि लिहिलं, ‘तापमान संपूर्ण प्रवासात ठरल्याप्रमाणे राखलं होतं.’

दादाने ती फाइल मला व्हॉट्सअॅपवर टाकली आणि मग फोन केला. “अगं, यांच्या कागदावर सगळं बरोबर आहे आणि माझ्या पेटीत सगळं पिवळं आहे. तू कॉम्प्युटरवाली ना? मग वाच की हे.”

मला वाचता येत होतं, पण त्याचा अर्थ लागत नव्हता. म्हणून आधी केळं शिकले.

केळं श्वास घेतं

घड झाडावरून उतरवला तरी केळं जिवंत असतं. ते हवेतला ऑक्सिजन घेतं, स्वतःतली साखर जाळतं आणि कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ व उष्णता बाहेर टाकतं. १३ अंशांवर एक किलो हिरवं केळं तासाला साधारण १० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड सोडतं. पिकायला लागलेलं केळं याच्या तिप्पटही सोडू शकतं. आकडा चिमूटभर वाटतो, पण पेट्या १,५४० होत्या आणि प्रत्येकीत १३ किलो माल. म्हणजे तासाला २०० लिटर वायू आणि सोबत सुमारे १.२ किलोवॅट उष्णता. त्या कंटेनरमध्ये कुणी एक इस्त्री चालू करून ठेवली आहे आणि ती सव्वीस दिवस बंद होणार नाही, असं समजा.

या जिवंतपणाला मंद करायचं साधन म्हणजे थंडी. मग ४ अंशांवर का नाही नेत? सफरचंद नेतात, द्राक्षं तर शून्याच्या जवळ नेतात. केळं मात्र उष्ण प्रदेशातलं आहे आणि १३ अंशांच्या खाली गेलं की त्याला थंडी बाधते. यातली वाईट गोष्ट अशी की इजा लगेच दिसत नाही. बंदरावर माल छान हिरवागार असतो. पुढे पिकवायला घातला की साल पिवळीधमक होण्याऐवजी राखट, मळकट होते आणि काही केळी नीट पिकतच नाहीत. जाणकार माणूस नखाने किंवा सुरीने साल हलकी खरवडून बघतो. सालीच्या आत तपकिरी रेघा दिसल्या तर माल कुठेतरी गारठलेला आहे.

म्हणजे खाली १३ ची भिंत. वर, १५-१६ च्या पुढे गेलं की पिकण्याची घाई. मधल्या अरुंद गल्लीत माल ठेवायचा असतो. म्हणून कंटेनरला १३.५ अंश सांगितलेलं होतं.

फ्रिज म्हणजे नेमकं काय

रीफरचं यंत्र त्याच्या एका टोकाला असतं. ते थंड हवा जमिनीखालून सोडतं. जमीन सपाट नसते, इंग्रजी टी आकाराच्या पट्ट्यांची असते आणि त्या पट्ट्यांमधल्या नळ्यांतून हवा थेट दारापर्यंत जाते. वाटेत ती पेट्यांच्या भोकांतून वर चढते, फळांची उष्णता उचलते आणि छताजवळून परत यंत्राकडे येते. यंत्रात दोन महत्त्वाचे थर्मामीटर असतात: एक जाणाऱ्या हवेचा, एक परतणाऱ्या हवेचा. ताज्या फळांच्या वेळी यंत्र जाणाऱ्या हवेवर लक्ष ठेवतं, कारण सगळ्यात थंड हवा तीच. ती १३.५ वर राहिली तर कुठलंच केळं गारठणार नाही.

पण या व्यवस्थेची एक मर्यादा लगेच लक्षात येते. यंत्र १३.५ अंशांपेक्षा थंड हवा सोडूच शकत नाही. त्यामुळे कोमट माल आत गेला, तर त्याला झटपट थंड करायचा मार्ग त्याच्याकडे नसतो. ते फक्त हळूहळू ऊब ओढून घेत राहतं, आणि पेट्या घट्ट रचलेल्या असल्या तर मधल्या पेट्यांना कित्येक दिवस लागतात. रीफर थंड माल थंड ठेवण्यासाठी आहे, गरम माल थंड करण्यासाठी नाही. ते काम पॅकहाऊसमधल्या प्री-कूलिंग खोलीचं. तिथे मोठ्या पंख्यांनी पेट्यांच्या आरपार थंड हवा ओढतात आणि गराचं तापमान १३-१४ वर आणतात. सालीचं नव्हे, गराचं. त्यासाठी सुईसारखा थर्मामीटर केळ्यात खुपसतात.

मी दादाला विचारलं, तेव्हा तो थोडा थांबला. मग म्हणाला, “वीस पॅलेट होते. सोळा व्यवस्थित थंड झालेले. शेवटचे चार संध्याकाळी पॅक झाले, जहाजाचा कट-ऑफ होता, ट्रेलर उभा होता. ते चार एकवीसला आत गेले.”

ते चार दाराशीच होते. यंत्रापासून सगळ्यात लांब.

एक चमचाभर वायू

आता इथिलीन. फळांपासून निघणाऱ्या कशामुळे तरी शेजारची फळं पिकतात, हे शास्त्राच्या आधी व्यापाऱ्यांना माहीत होतं. १९१० मध्ये जमैकातल्या कझिन्स नावाच्या शास्त्रज्ञाने लिहून ठेवलं की जहाजावर संत्री आणि केळी एकत्र ठेवू नयेत, संत्र्यांतून निघणाऱ्या कशाने तरी केळी आधीच पिकतात. ते ‘काहीतरी’ इथिलीन आहे आणि फळं ते स्वतः तयार करतात, हे १९३४ मध्ये इंग्लंडमधल्या रिचर्ड गेनने रासायनिकदृष्ट्या सिद्ध केलं. म्हणजे प्रश्न पहिल्यापासून जहाजाचाच आहे.

केळ्याचा इथिलीनशी व्यवहार आमच्या क्षेत्रातल्या एका जुन्या दुखण्यासारखा आहे. एक सर्व्हर मंद झाला की त्याचा भार शेजारच्यावर पडतो, मग तो मंद होतो, आणि काही मिनिटांत सगळे आडवे. इथिलीन केळ्याला पिकवतं आणि पिकणारं केळं आणखी इथिलीन सोडतं. एकदा ही साखळी सुरू झाली की परत फिरत नाही. थंड करून वेग कमी करता येतो, इतकंच.

मी हिशोब मांडून बघितला. १३ अंशांवर नुसतं हिरवं, शांत केळं तासाला किलोमागे सुमारे ०.०४ मायक्रोलिटर इथिलीन सोडतं. वीस टनांचे झाले ८०० मायक्रोलिटर, म्हणजे अख्ख्या कंटेनरमधून तासाभरात एक चमचाही भरणार नाही इतका वायू. पण केळ्याला पिकण्याचा इशारा मिळायला हवेच्या एक कोटी भागांत एक भाग इथिलीनही पुरतो. तांत्रिक भाषेत ०.१ पीपीएम.

मग हा वायू साठू नये म्हणून काय करायचं? खिडकी उघडायची. रीफरच्या यंत्रावर खरंच एक खिडकी असते. एक गोल झाकण, हाताने फिरवायचं, त्यावर आकडे कोरलेले. झाकण जितकं उघडं तितकी बाहेरची हवा आत येते आणि आतली बाहेर जाते. आकडा ताशी घनमीटरमध्ये. दादाने बुकिंग करताना ४० लिहिलं होतं.

४० घनमीटर हवा दर तासाला बदलली, तर ते ८०० मायक्रोलिटर पातळ होऊन ०.०२ पीपीएमवर राहतात. धोक्याच्या रेषेच्या पाचपट खाली. कार्बन डायऑक्साइडही अर्ध्या टक्क्यावर थांबतो. झाकण पूर्ण बंद असेल आणि कंटेनर अगदी हवाबंद असेल, तर पेट्यांभोवतीच्या मोकळ्या जागेत तो तासाला जवळजवळ अर्धा टक्का वाढेल आणि चौदा तासांत सात टक्क्यांवर जाईल. त्यापुढे केळ्याची चव आणि गर बिघडायला लागतो.

हे सगळं कळल्यावर मी फाइल पुन्हा उघडली. तासातासाच्या नोंदी होत्या, सहाशेच्या वर ओळी. त्यातल्या पाच इथे देते. SUP म्हणजे जाणारी हवा, RET परतणारी, AMB बाहेरची, आणि VENT म्हणजे खिडकी.

```
DAY  SET   SUP   RET   AMB  VENT
02   13.5  13.5  16.4  30   10
06   13.5  13.5  14.6  30   10
14   13.5  13.5  14.6  27   10
20   13.5  13.5  14.8  17   10
25   13.5  13.5  15.0   8   10
```

जहाज कंपनी खोटं बोलत नव्हती. SUP चा रकाना पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत एका रेषेत आहे. प्रवासाच्या अहवालात जो आलेख जातो तो याच रकान्याचा.

पण सगळ्यात उजवीकडे बघा. चाळीसच्या जागी दहा.

बाहेर थंडी, आत ताप

खिडकी दहावर असली तर काय फरक पडतो? आधी सगळा माल शांत आहे असं धरू. इथिलीन ०.०८ पीपीएमवर जाईल. रेषेच्या खाली, पण अगदी कडेला. कंटेनर कदाचित सुखरूप पोचलाही असता.

आता ते चार पॅलेट घ्या. त्यांत मिळून चार टन माल. २१ अंशांवर आत गेलेला आणि दाराशी असल्यामुळे सर्वांत शेवटी थंड झालेला. समजा त्यातल्या फक्त दहाव्या हिश्श्याने, म्हणजे तीसेक पेट्यांनी, पिकायला सुरुवात केली. पिकणारं केळं शांत केळ्याच्या पन्नासपट इथिलीन सोडू शकतं. म्हणजे या तीस पेट्या उरलेल्या सगळ्या कंटेनरइतका वायू एकट्या सोडतील. एकूण दुप्पट. खिडकी चाळीसवर असती तर हवेत ०.०४ पीपीएम झालं असतं आणि बाकीच्या पंधराशे पेट्यांना पत्ताही लागला नसता. खिडकी दहावर होती, म्हणून ते ०.१६ झालं. रेषेच्या पलीकडे.

‘एक नासका आंबा आढी नासवतो’ हे आपण लहानपणापासून ऐकतो. हिशोब सांगतो की ते अर्धंच खरं आहे. दार किती उघडं आहे त्यावर ते ठरतं.

हा माझा अंदाज होता. पुरावा RET च्या रकान्यात मिळाला, पण तो सरळ दिसत नाही. जाणारी हवा १३.५ आणि परतणारी १४.६, म्हणजे वाटेत हवेने १.१ अंश ऊब उचलली. ही ऊब दोन ठिकाणांहून येते: फळांच्या श्वासातून आणि भिंतींमधून झिरपणाऱ्या बाहेरच्या उन्हातून. यंत्राचा पंखा तासाला पाचेक हजार घनमीटर हवा फिरवतो असं धरलं, तर सहाव्या दिवशी भिंतींचा वाटा सुमारे ०.४ अंश येतो आणि फळांचा ०.७. तो बरोबर आपल्या १.२ किलोवॅटच्या इस्त्रीइतका.

पंचविसाव्या दिवशी फरक १.५ अंश आहे. वाढ जेमतेम ०.४ ची, म्हणून कुणाचं लक्ष गेलं नसेल. पण बाहेर बघा. जहाज सुएझ ओलांडून हिवाळ्यात शिरलं होतं आणि बाहेर ८ अंश होते, कंटेनरच्या आतल्यापेक्षा थंड. आता भिंतींमधून ऊब आत येत नव्हती, उलट बाहेर जात होती. परतणाऱ्या हवेचा आकडा खाली यायला हवा होता. तो वर गेला. म्हणजे सगळी ऊब फळांची, आणि ती १.२ वरून २.७ किलोवॅटच्या आसपास पोचलेली. एका इस्त्रीच्या दोन-सव्वादोन झाल्या होत्या. बाहेर थंडी पडत असताना आतल्या मालाला ताप चढत होता आणि जाणाऱ्या हवेचा थर्मामीटर १३.५ दाखवत होता, कारण यंत्र आपलं काम चोख करत होतं.

विसाव्या दिवशीच हे दिसत होतं: बाहेर १७, तरी RET चढता. तेव्हा कुणी बघितलं असतं आणि जहाजावरच्या इलेक्ट्रिशियनने जाऊन झाकण फिरवलं असतं, तर थोडा माल वाचला असता. सगळा नाही. साखळी सुरू झालेली होती.

पिवळं केळं का नको

मला एक साधा प्रश्न पडला होता. केळी पिवळी झाली तर झाली, शेवटी पिवळीच विकायची आहेत ना?

दादा हसला नाही. त्याने समजावलं. तिकडे घेणारा माणूस हिरवं केळं मागतो, कारण पिकवायचं काम तो स्वतः करतो. त्याच्याकडे बंद खोल्या असतात. तिथे १५ ते २० अंशांवर तो हाच वायू, इथिलीन, मुद्दाम सोडतो. १०० ते १५० पीपीएम, एक-दोन दिवस. म्हणजे ज्या रेषेपासून आपण सव्वीस दिवस पळत होतो, तिच्या हजारपट. मग सगळी केळी एकाच दिवशी, एकाच रंगाची होतात आणि दुकानांना ठरलेल्या वारी जातात. ज्या मालातली काही केळी हिरवी, काही पोपटी आणि काही पिवळी आहेत, त्याला या खोलीत घालून उपयोग नाही. हिरव्यांना वायू द्यावा तर पिवळी काळी पडतात. तो माल निवडून, पेट्या फोडून, मिळेल त्या भावाला त्याच आठवड्यात काढावा लागतो. दादाचा भाव पडला तो असा.

आणि भरपाई? इथे गोष्ट आणखी गुंतते. आपल्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यात लिहिलं आहे की करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर मालाच्या अंगभूत स्वभावामुळे झालेलं नुकसान विमा कंपनी देणं लागत नाही. प्रवासाला उशीर झाल्यामुळे झालेलंही नाही. केळ्याचा अंगभूत स्वभाव काय? पिकणं. विमावाल्यांनी हेच कलम पुढे केलं. जहाज कंपनीने RET चा दुसऱ्या दिवसाचा १६.४ दाखवून सांगितलं की माल गरम भरला होता. दोघांचंही म्हणणं सपशेल चूक नाही. पण खिडकी दहावर कुणी ठेवली, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. कंटेनर डेपोतून पॅकहाऊसला आला, जेनसेट लावलेल्या ट्रेलरवरून बंदरात गेला, यार्डात प्लगला लागला, मग जहाजावर. या प्रत्येक ठिकाणी ते झाकण कुणाच्याही हाताने फिरू शकतं. लॉगमध्ये पहिल्या ओळीपासून दहा आहे, म्हणजे फिरलं ते पॅकहाऊसच्या आधी किंवा पॅकहाऊसच्या दारातच. मी दादासाठी पाच ओळींचा तक्ता आणि दोन पानांचा हिशोब इंग्रजीत लिहून दिला. तो दाव्यासोबत गेला आहे. दावा अजून लोंबकळतोय. भागीदारांपैकी एक बाहेर पडला.

यापेक्षा लांब जायचं तर

उघड्या खिडकीच्या पद्धतीला एक हद्द आहे. साध्या हवेत, १४ अंशांवर, हिरवं केळं दोन ते चार आठवडे टिकतं. सव्वीस दिवस म्हणजे त्या हद्दीच्या शेवटच्या टोकावर. उत्तर युरोपात जायचं असेल आणि जहाज आफ्रिकेला वळसा घालून जाणार असेल, तर हे गणित बसत नाही.

तिथे उलटी युक्ती करतात. खिडकी बंद ठेवायची आणि केळ्याला त्याच्याच श्वासाने मंद करायचं. याला नियंत्रित वातावरणाचा कंटेनर म्हणतात. दाराला आतून प्लास्टिकचा पडदा लावून तो शक्य तितका हवाबंद करतात. केळी श्वास घेतात तसा ऑक्सिजन एकवीस टक्क्यांवरून खाली येतो. तो दोन ते पाच टक्क्यांच्या दरम्यान आला की यंत्र तिथेच थांबवतं, लागेल तेवढीच ताजी हवा आत घेतं. कार्बन डायऑक्साइडही दोन ते पाच टक्क्यांत ठेवतं, जादा झाला की शोषून बाहेर टाकतं. कमी ऑक्सिजनमध्ये केळ्याचा श्वास मंदावतो, इथिलीन तयार करायलाही ऑक्सिजन लागतो, आणि वाढलेला कार्बन डायऑक्साइड इथिलीनचा इशारा दाबतो. मग तेच केळं चार ते सहा आठवडे हिरवं राहतं.

धोका दुसऱ्या बाजूला आहे. ऑक्सिजन एक टक्क्याच्या खाली गेला तर केळं आंबायला लागतं, त्याला दारूसारखा वास येतो. आणि माणसाला तर हे वातावरण जीवघेणं आहे. असा कंटेनर उघडल्यावर दार पुरेसा वेळ सताड ठेवून हवा खेळू द्यायची असते. लगेच आत पाऊल टाकायचं नाही, हे दारावरच लिहिलेलं असतं. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये अपेडाने बारामतीहून रॉटरडॅमसाठी केळ्यांचा चाचणी कंटेनर समुद्रमार्गे पाठवला, तो डिसेंबरच्या सुरुवातीला पोचला. म्हणजे इथून ते अंतर गाठता येतं. पण असा कंटेनर महाग, आणि सगळं प्री-कूलिंगवर अवलंबून. २१ अंशांचे चार पॅलेट तिथेही चालत नाहीत.

दादा सध्या तिकडे वळलेला नाही. त्याने आहे त्याच पद्धतीत चार गोष्टी बदलल्या. गराचं तापमान पंधराच्या वर असेल तर पॅलेट आत जात नाही, जहाज सुटलं तरी चालेल. प्रत्येक पेटीत पोटॅशियम परमँगनेटची पुडी असते. ती इथिलीन शोषते आणि जांभळ्याची तपकिरी होते, त्यामुळे पेटी उघडली की तिथे किती वायू होता हे रंगावरून कळतं. दाराशी असलेल्या पॅलेटमध्ये तो स्वतःचा एक छोटा डेटा लॉगर ठेवतो, कारण यंत्राचे दोन्ही थर्मामीटर दुसऱ्या टोकाला असतात. आणि ट्रेलर फाटकातून निघायच्या आधी झाकणाचा फोटो काढतो, कोरलेला आकडा, कंटेनर नंबर आणि ड्रायव्हरचा हात दिसेल असा.

“हात कशाला?” मी विचारलं.

“झाकण त्याच्या देखत बघितलंय, याचा पुरावा. पुढे फिरलं तर आमच्या दारात फिरलं नाही.”

गेल्या महिन्यात त्याने पुन्हा लांबचा कंटेनर लावला. त्यातल्या यंत्राच्या नोंदी प्रवासातच दिसतात, म्हणून मी एक छोटी स्क्रिप्ट लिहून दिली. ती दिवसातून एकदा RET मधून SUP वजा करते, बाहेरच्या हवेचा हिशोब काढून टाकते आणि फक्त फळांची ऊब किती हे दादाला मेसेज करते. काल बाराव्या दिवशीचा आकडा आला, १.२ किलोवॅट. त्याने उत्तरात फक्त एक हिरवं वर्तुळ पाठवलं. अजून चौदा दिवस आहेत.